चार्जरवर रात्रभर ठेवूनही बॅंड मेलेलाच. केबल गेली, की बॅटरी?

रानजाई
मंडळी, मदत हवी आहे. हाताला प्लास्टर घातलं होतं म्हणून फिटनेस बॅंड काढून खणात ठेवला, तो तिथेच राहिला. सात महिन्यांनी काल हाती लागला. चार्जरला लावला तर काहीच नाही. लोगो नाही, थरथर नाही, बॅटरीचं चित्रही नाही. रात्रभर तसाच ठेवला, सकाळीही थंडगार दगड.

बॅंडच्या पाठीवर दोन सोनेरी ठिपके आहेत. चार्जर म्हणजे चुंबकाने चिकटणारं छोटं टोपण, त्यात दोन पिना, आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला नेहमीचा यूएसबी. चुंबक घट्ट धरतो. केबल कुठे पिळलेली किंवा सोललेली दिसत नाही. एका ठिपक्याच्या कडेला हिरवट काहीतरी साचलंय. घरात मल्टिमीटर आहे आणि मला तो बऱ्यापैकी वापरता येतो. कुठून सुरुवात करू?

झटपट_राव
साधा चार्जर असेल तर त्याचा जोर पुरत नाही. मोबाइलचा ३३ वॉटवाला फास्ट चार्जर लावा, बॅटरीला झटका बसतो आणि ती उठते. माझं घड्याळ असंच उठलं होतं. नाही उठलं तर बॅटरी गेली समजा.

तारजोड
रानजाई, सगळ्यात आधी तो हिरवटपणा. घाम आणि वीज एकत्र आली की धातू असाच कुजतो, आणि तो थर वीज अडवतो. चुंबक चिकटला म्हणजे पिना टेकल्या असं समजू नका. चुंबक टोपणाला ओढतो. पिना आतल्या बारीक स्प्रिंगच्या जोरावर बाहेर येऊन टेकतात. एखादी पीन मळाने आत रुतली असेल तर टोपण अगदी झकास चिकटतं आणि वीज मात्र जात नाही.

लाकडी टूथपिकने दोन्ही पिना एकेक करून हलकेच दाबा. सोडल्यावर टुणकन वर यायला हव्यात आणि दोन्ही सारख्या उंचीच्या दिसायला हव्यात. मग केबल यूएसबीतून काढून ठेवा, जुन्या मऊ ब्रशवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पिना आणि ठिपके घासा. चिवट डाग असेल तर टूथपिकचं टोक अल्कोहोलमध्ये बुडवून खरवडा. पेन्सिलचं खोडरबर ठिपक्यांवर एकदोनदा फिरवलं तर चालेल. पॉलिश पेपर किंवा सुरीचं टोक मात्र नको. वरचा सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो, तो गेला की ठिपका महिनाभरात पुन्हा काळा पडतो. पूर्ण वाळल्यावरच केबल लावा.

राव, तुमच्या फास्ट चार्जरबद्दल नंतर लिहितो. निम्मं बरोबर आहे तुमचं, पण कारण वेगळं आहे.

मावशीबाई
माझ्याही घड्याळाला अगदी हाच त्रास! चार्जरवर ठेवते, ८० टक्क्यांपर्यंत जातं आणि तिथेच अडून बसतं. माझ्या चार्जरला पिना वगैरे काही नाहीत, पांढरी चकती आहे नुसती. मी पण अल्कोहोलने पुसू का?

कोपरखळी
मावशी, तुमचं घड्याळ जेवायला बसून ‘पुरे’ म्हणतंय. रानजाईंचं पाटावरच येत नाहीये. :)

तारजोड
मावशी, तुमचं दुखणं वेगळं, बहुधा दुखणंच नाही. बॅटरी जास्त टिकावी म्हणून बरीच घड्याळं मुद्दाम ८० वर थांबतात, सेटिंगमध्ये बॅटरीच्या पानावर ते बंद करता येतं. चकती फडक्याने पुसा, तेवढं पुरे. चार्ज होताना घड्याळ चटका बसण्याइतकं तापत असेल तर मात्र सांगा.

रानजाई
दादा, तुमचं बरोबर निघालं. एक पीन रुतलेलीच होती! दाबली तर खाली गेली आणि तिथेच बसली. अल्कोहोलचे दोन थेंब टाकून दहाबारा वेळा वरखाली केल्यावर आता उडी मारते. हिरवटपणाही गेला, ठिपका थोडा फिकट दिसतोय पण चकचकीत आहे.

तरी बॅंड मेलेलाच. १० मिनिटं ठेवून पाहिला. पिनांवर व्होल्टेज मोजलं तर ५.०८ आलं. म्हणजे केबल चांगली, बरोबर?

तारजोड
बरोबर म्हणायला एक पायरी बाकी आहे. ५.०८ चांगलंच आहे, ४.७५ ते ५.२५ मध्ये काहीही चालतं. पण मल्टिमीटर वीज जवळजवळ ओढतच नाही. केबलच्या आतल्या बारीक तारांपैकी एकच धागा शिल्लक असला तरी मीटरला पाचच दिसतील. बॅंड वीज ओढायला लागला की मग ती कोसळतात. अशा केबलींनी मला एकेकाळी फार फसवलंय. मीटरवर पाच बघून बॅटरीला दोष द्यायचा, बॅटरी बदलायची, आणि घड्याळ पुन्हा मेलेलंच.

४७ ओहमचा, १ वॉटचा रेझिस्टर मिळाला तर त्याचे दोन पाय दोन पिनांना टेकवा आणि तसंच धरून व्होल्टेज मोजा. रेझिस्टर साधारण १०० मिलीअँपिअर ओढतो, म्हणजे बॅंड ओढतो तितकेच. चांगली केबल ४.८ च्या वर राहते. केबलमध्ये १० ओहमचा अडथळा असेल तर आकडा ४.१ च्या आसपास घसरेल, मग ती केबल कचऱ्यात. मोजताना टोपणाजवळची आणि यूएसबीच्या गळ्याजवळची केबल थोडी वाकवून पाहा. तारा तुटतात त्या याच दोन जागी. रेझिस्टर गरम होतो, चिमट्याने धरा.

आणि मीटरच्या दोन सुया एकमेकींना टेकू देऊ नका. पिना फार जवळ असतात. सुयांना टोकापर्यंत चिकटपट्टी गुंडाळा, मिलिमीटरभरच उघडी ठेवा.

वाचनमात्र
एरवी फक्त वाचतो, पण इथे एक भर घालावीशी वाटते. केबल कशात खोचली आहे तेही पाहा. पॉवरबॅंकेत असेल तर काढा. बॅंड इतकी कमी वीज ओढतो की पुष्कळ पॉवरबॅंकांना वाटतं काही जोडलेलंच नाही, आणि त्या अर्ध्याएक मिनिटात स्वतःला बंद करून घेतात. लॅपटॉप झोपी गेला की त्याचे पोर्टही बरेचदा मरतात.

दुसरं, ज्यांच्या चार्जिंगच्या डबीला टाइप-सीचं भोक असतं त्यांच्यासाठी. स्वस्तातल्या डब्यांत ५.१ किलोओहमचे दोन छोटे रेझिस्टर वगळलेले असतात. ते नसले की दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या केबलवर अॅडॉप्टर वीज सोडतच नाही, कारण समोर कोणी आहे हे त्याला कळत नाही. तीच डबी जुन्या चपट्या यूएसबीच्या केबलवर लगेच चालते. माझ्या घड्याळाची मी यात तीन आठवडे वाट लावली होती. वाट म्हणजे, ते मेलंय असं समजून खणात टाकलं होतं.

झटपट_राव
बघा, म्हणजे चार्जर बदलल्यावरच चालतं ना शेवटी! मी तेच सांगत होतो.

तारजोड
राव, हेच ते निम्मं बरोबर. चार्जर बदलल्याने घड्याळ उठतं, पण वॉट जास्त म्हणून नव्हे. अॅडॉप्टर पाच व्होल्ट समोर ठेवतो, त्यातून किती घ्यायचं ते बॅंडच्या आतली चार्जिंगची चिप ठरवते. दोन पिनांच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात, त्यामुळे त्या ३३ वॉटच्या चार्जरशी जास्त व्होल्टेजची बोलणीही होऊ शकत नाहीत. तोही निमूट पाचच देतो. तुमचा आधीचा चार्जर किंवा पोर्ट वीजच देत नसावा. झटका कुणालाच बसला नाही, आणि बसत नाही तेच बरं.

रानजाई
पॉवरबॅंक नाही, भिंतीतला साधा अॅडॉप्टर आहे. रेझिस्टर मिळाला. ५.०८ वरून ४.९७ वर आलं आणि तिथेच राहिलं. केबल वाकवून पाहिली, आकडा हलला नाही. भावाकडून यूएसबीत मध्ये लावायचा छोटा मीटरही आणला, त्यावर करंट दिसतो. तो ०.०० आणि ०.०१ यांच्यात लुकलुकतोय. अर्धा तास झाला. म्हणजे बॅटरी गेलीच ना?

तारजोड
उलट! मला तर हा आकडा बघून बरं वाटलं. घाई करू नका.

०.०१ म्हणजे साधारण १० मिलीअँपिअर. तुमच्या बॅंडच्या खोक्यावर बॅटरी किती लिहिली आहे?

रानजाई
१८० मिलीअँपिअर-तास.

तारजोड
मग हिशोब जुळतो. असा बॅंड नीट चार्ज होताना ९० च्या आसपास घेत असेल. बॅटरी फार खाली गेली असेल, म्हणजे साधारण तीन व्होल्टच्या खाली, तर चिप एकदम ९० सोडत नाही. दहावा भाग, म्हणजे ९ च्या आसपास सोडते आणि पेशी वर येतेय का बघते. उपाशी माणसाला आधी पेज देतात, तसं. या वेळात पडदा पेटण्याइतकी वीज नसतेच, म्हणून बाहेरून बॅंड मेलेला दिसतो. तुमचा मीटर १० च्या खालचे आकडे धड दाखवत नाही, म्हणून लुकलुकतोय.

बॅटरीच्या डोक्यावर एक छोटी पट्टी असते, तीत संरक्षणाचं सर्किट असतं. पेशी अडीच व्होल्टच्या आसपास आली की ते सर्किट बाहेर जाणारी वीज तोडतं. सात महिन्यांत तुमच्या बॅंडचं हेच झालं असणार. गंमत अशी की तुटते ती बाहेर जाणारी वाट. आत यायची वाट बहुतेक सर्किटांत उघडी राहते, म्हणून वरून हळूहळू वीज घातली की पेशी वर येते आणि दार पुन्हा उघडतं. काही सर्किटं मात्र पेशी पार तळाला गेली असेल तर आत यायची वाटही कायमची बंद करतात. तसं असतं तर तुमचा आकडा ०.०० वर गोठून बसला असता.

आता एक खोच. बऱ्याच चिपांना या पेजेच्या टप्प्याला घड्याळ लावलेलं असतं, अनेकदा अर्ध्या तासाचं. तेवढ्यात पेशी वर आली नाही तर चिप ‘बिघाड’ समजून थांबते आणि टोपण काढून पुन्हा लावेपर्यंत काहीच करत नाही. म्हणून रात्रभर ठेवणं हे एकदा लावण्यासारखंच ठरतं. तुमच्या बाबतीत तर पीनच रुतलेली होती, त्यामुळे ती रात्र फुकटच गेली. आता दर अर्ध्या तासाने टोपण उचला, दहा सेकंद थांबा, पुन्हा लावा. असं चारपाच वेळा करा. खोली फार गार नको. शून्य अंशाच्या खाली आणि ४५ च्या वर चिप चार्जच करू देत नाही.

जवळ बसून करा, झोपताना नको. काच किंवा पाठ कडेने उचललेली दिसली, किंवा बॅंड चटका बसावा इतका तापला, तर तिथेच थांबा.

शून्यप्रहर
तारजोड, माझी केस थोडी वेगळी आहे. घड्याळ दोन वर्षं पडून होतं. पिना स्वच्छ, केबल दुसऱ्या तशाच घड्याळावर चालते. मीटरवर करंट ०.०५ होतो, तीनचार सेकंदांनी ०.००, पुन्हा ०.०५. दिवसभर हेच चाललंय. मधूनच पडदा अंधुक पेटल्यासारखा वाटतो. उघडून बॅटरीला थेट ४.२ व्होल्ट द्यावेत असा विचार आहे. पॉवर सप्लाय आहे माझ्याकडे.

झटपट_राव
द्या द्या. किंवा बॅटरी काढून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, आमच्याकडे एकाने केलं होतं.

तारजोड
फ्रीजर नको. बाहेर काढल्यावर आत दव धरतं, बाकी काही होत नाही.

शून्यप्रहर, थेट वीज देऊ नका असं माझं मत. लिथियमची पेशी महिनोन्‌महिने तळाला राहिली की आतल्या तांब्याच्या पत्र्याचं तांबं विरघळायला लागतं. नंतर चार्ज केलं की ते नको तिथे जाऊन बसतं आणि पेशी आतल्या आत शॉर्ट होऊ शकते. चिप जी काटकसर करते ती याच भीतीने. सप्लाय लावून तुम्ही तिचा पहारा बाजूला सारता. सात महिने आणि दोन वर्षं यात फरक आहे. उघडणारच असाल तर बॅटरी बदलण्यासाठी उघडा, आणि काच काढली की पाण्याची सुरक्षा गेली हे धरून चाला.

ते ०.०५ चं वरखाली का होतंय, याबद्दल दोन शक्यता वाटतात. पेशी थोडी वर येते, घड्याळ चालू व्हायचा प्रयत्न करतं, त्यातच वीज संपते आणि पुन्हा पहिल्यापासून. किंवा पेशीचा आतला अडथळा इतका वाढलाय की वीज घातली की व्होल्टेज वर उडतं, थांबवली की कोसळतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

वाचनमात्र
पहिली शक्यता असेल तर बटण अडकलंय का पाहा. बाजूचं बटण मळाने दाबलेलं राहिलं की घड्याळ सारखं रीस्टार्ट होत राहतं. मी एकदा बॅटरी समजून बटणच पुसलं होतं.

शून्यप्रहर
बटण मोकळं आहे, टिकटिक ऐकू येते. चार्जरवर ठेवून १५ सेकंद दाबूनही पाहिलं, फरक नाही.

रानजाई
उठलाऽऽ!

सविस्तर सांगते. पहिला अर्धा तास लुकलुक तशीच. टोपण उचलून पुन्हा लावलं. दुसऱ्या खेपेला साधारण विसाव्या मिनिटाला आकडा ०.०१ वर स्थिर झाला, आणि पाचेक मिनिटांनी एकदम ०.०९! पडदा तरी काळाच. दहा मिनिटांनी बॅटरीचं लाल चित्र आलं. मी स्वयंपाकघरातून ओरडत बाहेर आले, घरच्यांना वाटलं काहीतरी सांडलं. अडीच तासांत १०० टक्के. तारीख मात्र भलतीच दाखवत होता, फोनला जोडल्यावर सुधारली.

भावाच्या मीटरवर एकूण १७१ मिलीअँपिअर-तास गेलेले दिसतात.

झटपट_राव
अभिनंदन! मी फास्ट चार्जरवर केलं असतं तर अर्ध्या तासात झालं असतं. :)

तारजोड
वा! १७१ हा आकडा चांगला आहे, निदान आत गेलं तरी तेवढं. त्यातलं परत किती मिळतं ते आता पाहायचं.

मावशीबाई
माझ्या घड्याळाचं ८० चं बटण सापडलं. बंद केलं, आता १०० दाखवतं. पण दादा म्हणतात बॅटरी टिकते, तर परत चालूच केलं.

रानजाई
आठ दिवसांनी. पूर्वी एका चार्जवर नऊ दिवस चालायचा, आता पाचव्या दिवशी १० टक्क्यांवर आला. बाकी सगळं ठीक, फुगलेला नाही, तापत नाही. पेशी अर्धी गेली म्हणायची का?

तारजोड
इतक्यात नको. पहिल्या आठवड्यात बॅंड साठलेले अपडेट घेतो, फोनशी सारखा बोलत असतो, तेही खातं. दोन गोष्टी वेगळ्या करायच्या तर १०० टक्के करून बॅंड मेनूतून पूर्ण बंद करा आणि आठवडाभर तसाच ठेवा. चांगली पेशी आठवड्यात दोनचार टक्क्यांहून जास्त गमावत नाही. २०-२५ टक्के गेले तर पेशी आतून गळतेय. मग तो बॅंड झोपताना हातावर किंवा उशीजवळ चार्जिंगला ठेवू नका, सरळ ई-कचऱ्यात द्या.

आणि पुन्हा खणात ठेवायची वेळ आलीच तर अर्धा भरून, बंद करून ठेवा. तीन महिन्यांनी एकदा चार्जरचं तोंड दाखवा.

तिरपीमान
याच धाग्यात विचारतो. केबल हरवली म्हणून दुसरी मागवली, दिसायला तीच, दोन पिना, चुंबक. लावली की बॅंडवर काहीच नाही, आणि टोपण किंचित तिरकं बसतं.

वाचनमात्र
पिनांमधलं अंतर मोजा. बाजारात २.८४ मिलिमीटर आणि ४ मिलिमीटर असे दोन्ही प्रकार फिरतात आणि फोटोत सारखेच दिसतात. अंतर जुळलं तरी धन आणि ऋण पिना उलट असू शकतात. मूळ केबलची खूण कुठे सापडते का बघा, तोवर ती लावू नका. चांगल्या बॅंडला उलट जोडणी सोसते, पण सगळ्यांनाच सोसते असं नाही.

शून्यप्रहर
माझं घड्याळ शेवटी उघडलं. बॅटरी मधोमध बोटाला जाणवेल इतकी फुगलेली होती, बाहेरून अजिबात कळत नव्हतं. तारांवर १.१ व्होल्ट. काढून टाकली, नवी मागवली आहे. ते वरखाली नक्की कशामुळे होत होतं, ते नवी बसवल्यावरच कळेल. नव्या बॅटरीवरही तसंच झालं तर बोर्ड बघावा लागेल.

रानजाई
आज चौथा दिवस, बॅंड बंद आहे. मध्येच उघडून बघायचा मोह होतोय. रविवारी टक्के सांगते.